चुकीच्या युजर आयडीवर ट्रान्सफर गेली, तर सपोर्ट काय करू शकतो आणि काय नाही

आमच्या क्रिप्टो एक्सचेंजकडे येणाऱ्या तक्रारींत एक वाक्य वारंवार असतं: "आत्ताच पाठवलेत, अजून दोन मिनिटंही झाली नाहीत, लगेच थांबवा." इथे थांबवण्यासारखं काही उरलेलं नसतं. एका युजर आयडीवरून दुसऱ्या युजर आयडीवर केलेली इंटर्नल ट्रान्सफर ब्लॉकचेनवर जातच नाही. आमच्या हिशेबात तुमच्या खात्यातून रक्कम वजा होते आणि त्याच क्षणी समोरच्या खात्यात जमा होते. फी लागत नाही आणि वाट पाहावी लागत नाही ती याचमुळे. ब्लॉक एक्सप्लोररवर शोधलं तरी काही सापडत नाही, कारण या व्यवहाराला ट्रान्झॅक्शन हॅशच नसतो. असतो तो फक्त आमचा ट्रान्सफर क्रमांक, जो तुमच्या व्यवहारांच्या यादीत दिसतो.

आयडी छोटा म्हणून तो सुरक्षित, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं तर उलट आहे. बिटकॉइनच्या पत्त्यातच पडताळणीची अक्षरं असतात. त्यामुळे टाइप करताना एखादं अक्षर चुकलं, तर वॉलेट तो पत्ता जवळजवळ नेहमीच नाकारतं. आमच्या आयडीत तसा पडताळणीचा अंक नाही. खाती उघडतील तसे क्रमाने नंबर दिले जातात, म्हणून चुकून टाइप झालेला नंबरही बहुतेक वेळा कुणाचा तरी खराखुरा आयडी निघतो. अस्तित्वात नसलेला आयडी टाकलात तर ट्रान्सफर होतच नाही आणि पैसे जागेवर राहतात. पण त्या नशिबावर विसंबू नका.

एक उदाहरण घेऊ. 48213765 या आयडीवर 400 यूएसडीटी पाठवायचे होते. घाईत 1 आणि 3 ची अदलाबदल झाली आणि रक्कम 48231765 वर गेली. पाठवणाऱ्याने तासाभरात तक्रार केली. आम्ही नोंद तपासली: दुसरं खातं खरं होतं, चालू होतं, आणि त्याच्या मालकाने तोवर 260 यूएसडीटीचे बिटकॉइन घेतले होते. 140 तसेच पडून होते.

इथून पुढे आमच्या हातात जे आहे ते इतकंच. आम्ही खातेदाराला अ‍ॅपमध्ये आणि ईमेलवर कळवतो की ही रक्कम चुकून आली असल्याची तक्रार आहे, ती परत करण्यास तुमची संमती आहे का. त्याने होकार दिला, तर आम्ही उलट दिशेने नवी ट्रान्सफर करतो. जुनी नोंद पुसली जात नाही. उदाहरणातल्या माणसाने 140 लगेच परत दिले. बिटकॉइन विकले तेव्हा भाव उतरला होता, त्याचे 251 आले आणि तेही त्याने पाठवले. उरलेल्या 9 यूएसडीटीचा तोटा कुणी सोसायचा, हे त्या दोघांनी ठरवायचं. त्यात निवाडा करायला आम्ही बसत नाही.

त्याने नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर संमतीशिवाय आम्ही त्याच्या खात्यातून एक पैसाही काढत नाही. हे कठोर वाटेल, पण नुसत्या तक्रारीवर आम्ही रक्कम काढू लागलो, तर माल घेऊन, पैसे पाठवून, मग "चूक झाली" म्हणणाऱ्यांचंही फावेल. बाहेरून पाहता दोन्ही ट्रान्सफर हुबेहूब सारख्या दिसतात. त्या माणसाचं नाव, फोन किंवा ईमेलही आम्ही तुम्हाला देत नाही. पोलीस किंवा न्यायालयाचा अधिकृत आदेश आला, तर मात्र माहिती त्यांना देतो आणि आदेशात असेल तर खातं गोठवतो. त्याआधीच रक्कम बाहेरच्या वॉलेटमध्ये गेली असेल, तर ती परत आणणं आमच्या आवाक्यात नाही. कुणी फसवून तुमच्याकडून पाठवून घेतली असेल, तर संमतीची वाट पाहत बसू नका. आधी पोलिसांत तक्रार करा आणि तिची प्रत आम्हाला पाठवा.

मित्राचे पैसे परत मिळाले, मग माझे का नाही, असंही विचारलं जातं. बहुतेकदा मित्राचं प्रकरण वेगळं असतं: बाहेरून रक्कम जमा करताना मेमो, म्हणजे ती कुणाच्या खात्याची हे सांगणारा क्रमांक, चुकलेला असतो. ती रक्कम आमच्याच वॉलेटमध्ये आलेली असते, फक्त कुणाच्या नावावर टाकायची ते कळत नाही. तिथे पुरावा मिळाला की आम्ही ती योग्य खात्यात घालू शकतो.

तक्रार करताना ट्रान्सफर क्रमांक, वेळ, नाणं, रक्कम, टाकलेला आयडी आणि टाकायचा होता तो आयडी लिहा. स्क्रीनशॉट चालेल, पण त्यातला क्रमांक वाचता आला पाहिजे. लवकर कळवा, कारण समोरच्याने रक्कम वापरण्याआधी आमचा संदेश पोहोचला तर होकार मिळणं सोपं जातं.

पुढच्या वेळी आयडी टाइप करण्याऐवजी कॉपी करा. खात्री करण्याच्या पानावर समोरच्याच्या नावाची काही अक्षरं दिसतात, ती जुळतात का पाहा. न पाहता बटण दाबणाऱ्यांची संख्या आश्चर्यकारक आहे. मोठी रक्कम असेल तर आधी थोडी पाठवा आणि पोहोचल्याचं समोरच्याकडून ऐका. तक्रार केल्यानंतर "तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी शुल्क भरा" असा संदेश कुणाकडूनही आला, आमच्या नावाने आला तरी, तो आमचा नाही. रक्कम परत करण्यासाठी आम्ही शुल्क, पासवर्ड किंवा ओटीपी मागत नाही.