पहिल्या नाचाचं गाणं किती संथ असावं?

गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत नवरा-नवरीचा पहिला नाच हा स्वागतसमारंभाचा ठरलेला भाग असतो. आता पुण्या-मुंबईच्या रिसेप्शनमध्येही तो दिसू लागला आहे. गाणं निवडताना बहुतेक जोडपी एकच कसोटी लावतात, ती म्हणजे गाणं संथ हवं. संथ गाण्यावर नाचणं सोपं, असं आपण धरून चालतो. पण नाच न शिकलेल्या पायांना फार संथ गाणंच जास्त जड जातं.

लय मोजतात ती मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांत. आपण सहज चालतो तेव्हा मिनिटाला साधारण 110 ते 120 पावलं पडतात, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक. शरीराला हा वेग अंगवळणी पडलेला असतो. ठोक्याबरोबर पाऊल टाकायचं तर मेंदूला पुढचा ठोका कधी येणार याचा आधीच अंदाज बांधावा लागतो, कारण ठोका ऐकून मग पाय उचलला तर उशीर झालेलाच असतो. दोन ठोक्यांत अर्ध्या ते एक सेकंदाचं अंतर असेल तोवर हा अंदाज छान जमतो. टाळी किंवा बोटाने ठेका धरायला लावून केलेल्या प्रयोगांत दिसतं, की अंतर पावणेदोन-दोन सेकंदांकडे गेलं की अंदाज ढासळतो आणि माणूस ठोका ऐकल्यावर हालचाल करू लागतो.

मडगावच्या एखाद्या जोडप्याने मिनिटाला 66 ठोक्यांचं गाणं निवडलं आहे असं समजू. दोन ठोक्यांत सुमारे 0.9 सेकंद जातात. गाणं निवांत आहे म्हणून ते एक ठोका सोडून पाऊल टाकायचं ठरवतात. मग दोन पावलांतलं अंतर 1.8 सेकंद होतं, नेमकं जिथे अंदाज सुटतो तिथे. शिवाय तेवढा वेळ भार एकाच पायावर राहतो. उंच टाचा आणि घोळदार गाऊन असताना तोल सांभाळण्यासाठी दुसरा पाय लवकर टेकवावासा वाटतो आणि पाऊल ठोक्याआधीच पडतं. सरावाचा व्हिडिओ काढला तर हे लगेच कळतं: गाणं मागे आणि पाय पुढे.

यावर गाणं बदलण्याआधी ठोक्याच्या पोटात काय आहे ते ऐकावं. काही संथ गाण्यांत प्रत्येक ठोका गिटार किंवा पियानोवर तीन बारीक ठोक्यांत विभागलेला असतो. 66 च्या गाण्यात ते 0.3 सेकंदाला एक असे येतात आणि मधली पोकळी भरून काढतात. मनातल्या मनात ‘एक-दोन-तीन’ म्हणत प्रत्येक मुख्य ठोक्यावर डोललं की लय सुटत नाही. मधे नुसते लांबवलेले सूर असतील, तर तेच 66 फार अवघड होतं. दुसरी वाट संथ वॉल्ट्झची. तीन-तीन ठोक्यांच्या या चालीत मिनिटाला 84 ते 90 ठोके असतात आणि प्रत्येकावर एक पाऊल पडतं. आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्याच असल्यामुळे दादऱ्यातलं एखादं भावगीतही या पावलांवर सुंदर बसतं.

लय घरीच मोजावी: 15 सेकंदांत पडलेले ठोके मोजून चाराने गुणायचे. मोबाइलवरचे अ‍ॅप 66 च्या जागी बऱ्याचदा 132 दाखवतात, कारण ते ठोक्याच्या अर्ध्या भागालाही ठोका धरतात.

शब्दांची गडबड वेगळ्या प्रकारची असते. संथ गाण्यात अक्षरांना जागा मिळते, त्यामुळे पाहुण्यांना प्रत्येक ओळ स्वच्छ ऐकू येते. आपल्या लक्षात मात्र फक्त ध्रुवपद राहिलेलं असतं. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे त्याचं ठळक उदाहरण. व्हिटनी ह्यूस्टनच्या 1992 च्या आवाजात ते जगभर पोहोचलं, पण डॉली पार्टनने ते लिहिलं होतं पोर्टर वॅगनर या सहगायकापासून व्यावसायिकरीत्या वेगळं होताना. 1974 मध्ये आलेलं हे गाणं निरोपाचं आहे. हिंदी-मराठीतही गोड चालीच्या कितीतरी गाण्यांत विरहच भरलेला असतो. म्हणून चाल बाजूला ठेवून सगळे शब्द एकदा कागदावर वाचावेत: कोण कोणाला बोलतंय, आणि ते दोघे अजून एकत्र आहेत का?

चार-साडेचार मिनिटांचं गाणं पूर्ण वाजवायची गरज नसते. अडीच मिनिटं भरपूर झाली. 66 च्या लयीत तेवढ्यातही 165 ठोके होतात. मडगावच्या त्या जोडप्याने पहिला अंतरा आणि ध्रुवपद ठेवून शेवटच्या ध्रुवपदाकडे जावं. प्रेमगीतांत शंका, भांडण, ताटातूट बहुधा मधल्या कडव्यात येते, तेच यात गळतं. कापणी मात्र पूर्ण आवर्तन संपतं तिथेच करावी. अर्ध्यात कापलं तर ‘एक’ भलत्याच पायावर येतो आणि तिथून पुढे दोघांची पावलं जुळत नाहीत. डीजेऐवजी बँड असेल तर वादकांना ही जागा आधीच सांगून ठेवावी, आणि 66 जड जात असेल तर लय 72 पर्यंत चढवायला सांगावं. तेवढ्याने गाण्याचा भाव बदलत नाही, पण पाऊल वेळेवर पडू लागतं.