दोन्ही पाळ्यांचा मध्यक 4, तरी मॅन-व्हिटनीला फरक दिसतो तो कसा?

सोलापुरात प्रबंधाचा हंगाम सुरू झाला की एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: "लिकर्ट डेटा ऑर्डिनल असतो, म्हणून सरासरी काढता येत नाही, म्हणून मीडियन काढला, म्हणून मीडियनमधला फरक तपासण्यासाठी मॅन-व्हिटनी टेस्ट लावली." एमएसडब्ल्यू असो, एमबीए असो की बीएड, वाक्य तेच. एकाच्या प्रबंधातून दुसऱ्याच्या प्रबंधात ते जसंच्या तसं उतरत आलंय. यातल्या तीन "म्हणून"पैकी पहिल्यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात. खरा घोटाळा तिसऱ्यात आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

सरासरी आणि मध्यक (मीडियनला शाळेत आपण हेच म्हणायचो) कसे काढतात ते तुम्हाला येतं, त्यात वेळ घालवत नाही. ऑर्डिनल म्हणजे क्रम आहे पण दोन पायऱ्यांमधलं अंतर सारखं असल्याची खात्री नाही, हेही माहीत असेल. स्टीव्हन्सने 1946 मध्ये मापनाचे चार प्रकार मांडले, तिथून हा नियम आला. नियमामागचं कारण खरं आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात उभं राहून कामगाराला एक विधान वाचून दाखवा आणि 1 ते 5 मध्ये तो किती सहमत ते विचारा. तो म्हणतो, "चाललंय की." आता याची खूण 3 वर करायची की 4 वर? विचारणाऱ्याच्या मनाला येईल तिथे ती पडते. 3 आणि 4 मधलं अंतर आणि 4 आणि 5 मधलं अंतर एकच, असं शपथेवर कुणी सांगू शकणार नाही.

इथपर्यंत ठीक. पण "मग मॅन-व्हिटनी मीडियनची तुलना करते" हे कुठून आलं? ती तसं करत नाही. उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यापुरते बनवलेत, पण असे आकडे खऱ्या सर्वेक्षणात नेहमी भेटतात.

विधान एकच: "लूममधला बिघाड सांगितला की जॉबर लगेच लक्ष देतो." दिवसपाळीचे 40 कामगार, रातपाळीचे 40. उत्तरं 1 (पूर्ण असहमत) ते 5 (पूर्ण सहमत). दिवसपाळीत 1 म्हणणारे 2 जण, 2 म्हणणारे 4, 3 म्हणणारे 10, 4 म्हणणारे 16 आणि 5 म्हणणारे 8. रातपाळीत त्याच क्रमाने 10, 6, 3, 19 आणि 2.

चाळीस जणांत मध्यक म्हणजे विसाव्या आणि एकविसाव्या माणसाचं उत्तर. दिवसपाळीत ते 4. रातपाळीत 1, 2 आणि 3 म्हणणारे मिळून 19 होतात, म्हणजे विसावा आणि एकविसावा दोघंही 4 वर. मध्यक 4 आणि 4. "मीडियनमध्ये फरक नाही" असं लिहून पुढच्या तक्त्याकडे जाणारे मी पाहिलेत. आता हे आर मध्ये चालवून बघा:

```r
div <- rep(1:5, c(2, 4, 10, 16, 8))
rat <- rep(1:5, c(10, 6, 3, 19, 2))
median(div); median(rat)
wilcox.test(div, rat, exact = FALSE)
t.test(div, rat)
```

`wilcox.test` म्हणजेच मॅन-व्हिटनी. पी-व्हॅल्यू 0.04 च्या आसपास येते. मध्यक तंतोतंत सारखे आणि टेस्ट म्हणते फरक आहे. व्हायवाला परीक्षकांनी इथे बोट ठेवलं की विद्यार्थ्याला घाम फुटतो, कारण पाठ केलेल्या वाक्याप्रमाणे असं व्हायलाच नको.

टेस्ट काय करते ते हाताने करून बघितलं की कोडं सुटतं. दिवसपाळीचा एकेक माणूस रातपाळीच्या एकेका माणसासमोर उभा करायचा. 40 गुणिले 40, म्हणजे 1600 जोड्या. प्रत्येक जोडीत कुणाचं उत्तर वरचं ते पाहायचं. दिवसपाळीवाला 808 जोड्यांत वर, रातपाळीवाला 398 जोड्यांत वर, उरलेल्या 394 जोड्यांत बरोबरी. बरोबरीची प्रत्येक जोडी दोघांना अर्धी अर्धी वाटली की दिवसपाळीच्या वाट्याला 1005 येतात. आर `W = 1005` असं छापतो तो आकडा हाच. 1005 भागिले 1600 केलं की 0.63. दोन्ही पाळ्या सारख्या असत्या तर हा आकडा 0.50 च्या जवळपास राहिला असता. सगळ्या हिशोबात मध्यक कुठेही आला नाही. टेस्टचा प्रश्न एवढाच: दोन्ही गटांतून कुणीही एकेक उचलला, तर एका गटातल्याचं उत्तर वरचं निघण्याकडे कल आहे का?

ती मध्यकाची टेस्ट ठरते एकाच अटीवर: दोन्ही गटांच्या उत्तरांचा आकार अगदी सारखा असावा आणि एक गट नुसता बाजूला सरकलेला असावा. पाचच खाने असताना असं जवळजवळ कधीच होत नाही. रातपाळीचा आकार बघा ना, दोन टेकाडं आहेत, एक 1 वर आणि एक 4 वर. दिवसपाळीला एकच.

एका प्रश्नासाठी मध्यक मला आवडत नाही याचं दुसरं कारण म्हणजे त्याचा लहरीपणा. रातपाळीतल्या 4 म्हणणाऱ्यांपैकी फक्त दोघांनी 3 म्हटलं असतं, तर मध्यक धाडकन 4 वरून 3 वर आला असता. चाळिसातल्या दोघांनी एकेक पायरी उतरली एवढ्यावर प्रबंधाचा निष्कर्ष "सहमत"वरून "तटस्थ"वर. आणि आता दहा जण तळाला, 1 वर बसलेत, तर तो ढिम्म हलत नाही.

मग सरासरी घ्यावी? दिवसपाळीची 3.6, रातपाळीची 2.9. फरक तरी दिसला. टी-टेस्टची पी-व्हॅल्यूही 0.02 च्या आसपास येते (आर आपोआप वेल्चची टी-टेस्ट करतो, एसपीएसएसमध्ये "Equal variances not assumed" ही खालची ओळ वाचा, इथे दोन गटांचा पसारा सारखा नाही). दोन्ही टेस्टचा कौल एकाच बाजूला. एवढ्या मोठ्या गटांत बहुतेक वेळा तसंच होतं, म्हणून "टी-टेस्ट लावली म्हणजे पाप केलं" असा आव आणणाऱ्या मार्गदर्शकांशी माझं जमत नाही.

पण रातपाळीची 2.9 वाचून कुणी लिहिलं की "रातपाळीचे कामगार तटस्थ आहेत", तर? तटस्थ, म्हणजे 3 म्हणणारे, तिथे चाळिसात तीनच आहेत. सरासरी अशा जागी उभी आहे जिथे माणसंच नाहीत.

म्हणून एकाच विधानाबद्दल बोलायचं असेल तर माझा आग्रह असा, की सरासरी आणि मध्यक दोन्ही मागे ठेवा आणि वाटणी दाखवा. असहमत (1 आणि 2 मिळून) दिवसपाळीत 15 टक्के, रातपाळीत 40 टक्के. सहमत (4 आणि 5 मिळून) 60 आणि 52.5 टक्के. आता खरी गोष्ट कळते: सहमतांच्या प्रमाणात थोडाच फरक आहे, मोठा फरक तळाशी आहे. रातपाळीत काही जणांकडे जॉबर लक्ष देतो, काहींकडे अजिबात नाही. कदाचित दोन वेगळे जॉबर असतील, कदाचित दोन वेगळ्या शेड. पुढे कुठे चौकशी करायची हे त्यातून कळतं. प्रबंधात ही वाटणी लिहा, सोबत मॅन-व्हिटनीची पी-व्हॅल्यू आणि तो 0.63 द्या. "मीडियनमध्ये सिग्निफिकंट फरक आढळला" हे वाक्य मात्र खोडा.

बाकी टेस्टची नावं कुठल्याही पुस्तकातल्या तक्त्यात सापडतील. तीन किंवा जास्त गट असतील तर क्रुस्कल-वॉलिस. प्रशिक्षणाआधी आणि नंतर त्याच कामगारांना विचारलं असेल तर विल्कॉक्सन साइन्ड-रँक, मॅन-व्हिटनी नव्हे. काय-स्क्वेअरला खान्यांचा क्रम कळत नाही, तिला 1 आणि 5 हे नुसते दोन वेगळे डबे. आणि पाळीसोबत वय, अनुभव, मजुरीही धरायची असेल तर ऑर्डिनल लॉजिस्टिक रिग्रेशन शिकून घ्या. टेस्ट निवडण्याआधी एका प्रश्नावर शापिरो-विल्क लावून नॉर्मॅलिटी तपासणं मात्र थांबवा. पाचच किमती घेणारं उत्तर नॉर्मल असूच शकत नाही. नमुना पुरेसा मोठा असेल तर टेस्ट नापासच करणार.

एक गोष्ट राहिली, आणि तिच्यामुळेच पहिल्या "म्हणून"वरचं भांडण बरंचसं फुकट जातं. वरचं सगळं एका प्रश्नाबद्दल आहे. रेन्सिस लिकर्टने 1932 मध्ये जी पद्धत मांडली, तिच्यात एकाच विषयावरची अनेक विधानं होती आणि त्यांच्या गुणांची बेरीज. स्केल म्हणजे ती बेरीज. कामाच्या समाधानावर आठ विधानं असतील तर प्रत्येकाचा स्कोअर 8 ते 40 मध्ये कुठेतरी पडतो. तिथे पाचाऐवजी तेहेतीस किमती शक्य असतात आणि एखाद्या "चाललंय की"ची चुकीची खूण बाकीच्या सात विधानांत बरीचशी विरून जाते. या बेरजेची सरासरी काढा, प्रमाण विचलन द्या, टी-टेस्ट किंवा अनोव्हा लावा; मी तरी हरकत घेणार नाही. तिथे मध्यकाचा हट्ट धरणं म्हणजे हातात आलेली माहिती टाकून देणं.

अट एवढीच की बेरीज करण्याजोगी विधानं असावीत. जॉबर, मजुरी, पाळणाघर आणि कॅन्टीनचा चहा यांवर एकेक विधान घेऊन केलेली बेरीज कशाचीच नसते. आणि "या कामाचा मला कंटाळा आलाय" असं उलटं विधान असेल तर बेरजेआधी ते पालटून घ्यावं लागतं, म्हणजे `6 - x`. हे विसरलं की क्रोनबाखचा अल्फा केविलवाणा येतो, कधी चक्क उणे. तसा अल्फा दिसला की विधानं गाळायला धावू नका. आधी पालटायचं राहिलेलं विधान शोधा. ते सापडलं नाही, तर "सांगता येत नाही" या उत्तराला कुणी 6 हा कोड दिलाय का ते डेटा शीटमध्ये बघा.