लॉक-इन पिरियड आणि डिपॉझिट: पहिल्यांदा घर भाड्याने घेणाऱ्या मित्राला पत्र

अरे, पुण्यात फ्लॅट पसंत पडला म्हणालास, टोकन द्यायच्या आधी हे वाच.

लॉक-इन म्हणजे ऍग्रीमेंटमधली अशी मुदत की ज्यात घर सोडायचं नाही, आणि सोडलंच तर उरलेल्या महिन्यांचं भाडं भरायचं. डिपॉझिट म्हणजे मालकाकडे ठेवलेली बिनव्याजी रक्कम, चावी दिली की परत. कागदावर दोन वेगळी कलमं आहेत पण लॉक-इन मोडलं की पैसे डिपॉझिटमधूनच कापले जातात, म्हणजे मालकाला तुझ्या मागे लागावंच लागत नाही, तूच त्याच्या मागे फिरतोस.

आता समज भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,०००, ऍग्रीमेंट ११ महिन्यांचं, लॉक-इन ६ महिने, नोटीस १ महिना. चार महिन्यांनी तुझी बदली झाली तर दोन महिन्यांचे ४०,००० गेले, हातात २०,०००, त्यातून पेंटिंग आणि लाइटबिल कापणार ते वेगळंच. आणि एक ओळ नीट बघ, नोटीस पाचव्या महिन्याच्या शेवटी देऊन सहाव्याला निघता येतं की "लॉक-इन संपल्यानंतरच नोटीस" असं लिहिलंय. दुसरं असेल तर तुझं लॉक-इन खरं सात महिन्यांचं आहे, ब्रोकर हे सांगत नाही. लॉक-इन मालकालाही लागू आहे का तेही बघ, बऱ्याच ड्राफ्टमध्ये ते फक्त भाडेकरूलाच असतं, मग तो तुला एका महिन्याच्या नोटिशीवर काढू शकतो.

तसं करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, भरपाई वाजवीच मिळते, म्हणजे मालकाला पुढच्याच आठवड्यात दुसरा भाडेकरू मिळाला तर पूर्ण ४०,००० वर भांडता येतं. पण ४०,००० साठी कोर्टात कोण जातंय, म्हणून सही करायच्या आधीच लॉक-इन तीन महिन्यांवर आणायला बघ. नाहीतर "बदली भाडेकरू आणून दिला तर लॉक-इन लागू नाही" एवढी ओळ तरी टाकून घे.

डिपॉझिट बँकेतूनच दे, आणि रक्कम ऍग्रीमेंटमध्ये तेवढीच लिहिलेली हवी. "थोडं कॅश द्या" म्हणाला तर नाही म्हण, कारण कागदावर नसलेले पैसे परत मागणार कशाच्या जोरावर? आणि ११ महिन्यांचं असलं तरी महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करावंच लागतं, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ ती जबाबदारी मालकावर टाकतं. नोटरीवर भागवू नकोस.

माझे गेल्या वेळी पेंटिंगचे ९,००० गेले, कारण "पेंटिंग चार्जेस ऍक्च्युअल" असं लिहिलं होतं आणि बिल मी मागितलंच नाही. भिंतीचा रंग वापरून फिका होणं आणि तू खिळे ठोकून भोकं पाडणं यात फरक आहे, तो लिहून घे. राहायला जाशील त्याच दिवशी सिंकखालची ओल, बाथरूमची फुटकी टाइल, गीझर, सगळ्याचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सऍप कर. आणि डिपॉझिट कधी मिळणार तिथे "यथावकाश" नको, "चावी देताना" लिहून घे.

ड्राफ्ट आला की मला पाठव.