15जी आणि 15एच : एफडीच्या व्याजावर टीडीएस नको म्हणून द्यायचा कागद आला कुठून

आतापर्यंत एप्रिल लागला की बँकेत एफडीवाल्यांची गर्दी व्हायची आणि काउंटरवर एकच प्रश्न असायचा, 15जी की 15एच. बरेच जण याला "टॅक्स माफीचा फॉर्म" म्हणतात, पण माफीबिफी काही नाही. माझा यावर्षीचा टॅक्स शून्य होणार आहे, म्हणून माझ्या व्याजातून आधीच कापू नका, असं ठेवीदाराने बँकेला लिहून दिलेलं असतं, एवढंच. आता सगळ्यांचा गोंधळ होतो तो यावर की 15जी देणाऱ्या 60 च्या आतल्या माणसाला अटी दोन आणि 15एच देणाऱ्या वरच्याला एकच, असं का. ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

1961 च्या आयकर कायद्यात व्याजावर टॅक्स कापायचं 194ए हे कलम 1967 ला आलं. पण बँकेतल्या साध्या ठेवीदाराला त्याची झळ फारशी नव्हती, बँकेच्या ठेवी त्यातून बाहेर ठेवलेल्या होत्या. कापणी व्हायची ती इतर ठिकाणच्या व्याजावर, आणि उत्पन्न कमी असलेल्याला ती टाळायची असेल तर आयकर अधिकाऱ्याकडून सर्टिफिकेट आणावं लागायचं. चारदोन हजारांच्या व्याजासाठी कोण आयकर ऑफिसच्या पायऱ्या झिजवणार? म्हणून 1982 ला 197ए कलम आणलं. अधिकाऱ्याकडे जायची गरज नाही, पैसे देणाऱ्यालाच स्वतः लिहून द्या, तो कापणार नाही. तेव्हापासून जबाबदारी अधिकाऱ्यावरून लिहून देणाऱ्यावर आली, आणि खोटं लिहून दिलं तर त्या कायद्याच्या कलम 277 खाली कैदेची शिक्षा होती. फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरात ते छापलेलं असायचं, वाचतं कोण.

बँकांच्या एफडीवर टीडीएस एकदा 1991 ला आणला होता, पुढच्याच वर्षी मागे घेतला. मग 1 जुलै 1995 पासूनच्या मुदत ठेवींना तो परत लागू झाला आणि या वेळी टिकला. मर्यादा तेव्हा 10 हजार रुपये व्याजाची होती आणि तीही दर शाखेला वेगळी. त्यामुळे लोकांनी लगेच युक्ती काढली, एकाच बँकेच्या चार शाखांत चार एफडी, प्रत्येकीचं व्याज मर्यादेच्या आत, फॉर्म भरायचीच भानगड नाही. ही पळवाट चांगली वीस वर्षं चालली. जून 2015 पासून कोअर बँकिंग असलेल्या बँकेत सगळ्या शाखांचं व्याज एकत्र मोजायला लागले, आरडी पण त्यात आली, आणि सहकारी बँकेच्या सभासदांना मिळणारी सूटही गेली. आपल्याकडे गावोगावी सहकारी बँकेत पैसे ठेवणारे खूप, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा 15जी हा शब्द तेव्हाच ऐकू आला.

आता त्या दोन अटींचं. फॉर्म नुसता सहीवर चालत होता तोपर्यंत मोठं व्याज घेणारेही "माझा टॅक्स शून्य" लिहून द्यायचे, बँक तपासणार कशी? मग 2002 ला 197ए मध्ये अजून एक अट घातली, की वर्षभरात मिळणारं एकूण व्याज करमुक्त मूळ मर्यादेच्या वर जात असेल तर 15जी देताच येणार नाही, मग शेवटी टॅक्स शून्य का होईना. पण याचा फटका म्हाताऱ्या माणसांना बसला, कारण रिटायर झाल्यावर त्यांचं सगळं उत्पन्नच व्याजाचं. म्हणून 2003 ला ज्येष्ठांसाठी वेगळं पोटकलम केलं आणि ही दुसरी अट त्यांच्यावरून काढली, त्यांचा 15एच वेगळा झाला. तेव्हा वय 65 होतं, जुलै 2012 पासून 60 केलं. माझ्या मते इथपर्यंत सगळं सरळ होतं, गाडी अडली ती पुढे.

कारण पुढे 87ए ची सूट, म्हणजे ठराविक उत्पन्नापर्यंत टॅक्स शून्य करणारी सवलत, मोठी होत गेली. 2019 ला 15एच च्या नियमात दुरुस्ती करून सांगितलं की सूट धरून टॅक्स शून्य होत असेल तरी ज्येष्ठांकडून फॉर्म घ्या. 15जी ची व्याजाची अट मात्र आहे तिथेच राहिली. उदाहरण घ्या, 2025-26 या वर्षाचं. एक बाई, वय 57, नवरा गेला, जमिनीचे आलेले 62 लाख तिने 7 टक्क्याने एफडीत टाकले. वर्षाचं व्याज 4 लाख 34 हजार, दुसरं उत्पन्न काही नाही. नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत सूट असल्याने टॅक्स शून्य. तरी तिला 15जी देता येत नाही, कारण व्याज 4 लाखांच्या मूळ मर्यादेच्या वर गेलं. बँक 10 टक्के म्हणजे 43,400 रुपये कापणार आणि ते परत मिळवायला तिने रिटर्न भरायचं. तीच बाई 60 ची असती तर 15एच देऊन एक रुपया कापला गेला नसता. व्याज 4 लाखांच्या आत असतं तरी 15जी चाललं असतं.

अशा केसमध्ये रिफंडची वाट बघायची नसेल तर एक जुनाच रस्ता शिल्लक होता, 1961 च्या कायद्यातल्या कलम 197 चं शून्य कपातीचं सर्टिफिकेट, फॉर्म 13 भरून आयकर अधिकाऱ्याकडून घ्यायचं. म्हणजे 1982 ला ज्यातून लोकांना सोडवलं तिथेच या बाईला परत जावं लागतं, गंमत आहे.

बाकी बदल पटकन सांगतो. एप्रिल 2010 पासून पॅन नसेल तर फॉर्म बादच, वर कपात 10 च्या जागी 20 टक्के. ऑक्टोबर 2015 च्या आधी फॉर्म दोन प्रतीत द्यायचे आणि बँक एक प्रत पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत आयकर आयुक्तांकडे पाठवायची, त्या गठ्ठ्यांचं काय व्हायचं देव जाणे. त्यानंतर प्रत्येक फॉर्मला एक युनिक नंबर पडायला लागला आणि तो बँकेच्या तिमाही टीडीएस रिटर्नमध्ये जातो. आता एकाच पॅनवर तीन बँकांत दिलेले फॉर्म विभागाला एकत्र दिसतात. म्हणूनच फॉर्ममध्ये "या वर्षात आधी किती फॉर्म दिले आणि किती रकमेचे" हा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका.

कपातीची मर्यादा एप्रिल 2025 पासून इतरांना 50 हजार आणि ज्येष्ठांना 1 लाख आहे, त्याच्या आत व्याज असेल तर फॉर्म लागतच नाही. आणि फॉर्म उशिरा दिला तर तो पुढच्या व्याजालाच लागू होतो, आधी कापलेलं सरकारजमा झालेलं असतं, बँक मॅनेजरशी कितीही भांडा, ते रिटर्न भरूनच मिळतं. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या जागी 2025 चा आयकर कायदा आलाय, टीडीएसची कलमं आता 393 मध्ये आहेत, त्यामुळे घरातला जुना छापील फॉर्म भरून नेऊ नका, बँकेकडून चालू फॉर्म मागून घ्या.