संबंधोत्तर रक्तस्राव

पाळीचे दिवस नसताना, संबंधानंतर योनिमार्गातून रक्त जाणे म्हणजे संबंधोत्तर रक्तस्राव. तिशीतल्या स्त्रीला बहुधा कपड्यावर गुलाबी किंवा तांबूस डाग दिसतो, इतकेच. बहुतेक वेळा हे रक्त गर्भाशयमुखावरून, म्हणजे ‘पिशवीच्या तोंडावरून’ येते.

या तोंडावर दोन अस्तरे एकमेकांना भेटतात. बाहेरचे अनेक थरांचे, चिवट आणि फिकट गुलाबी असते. आतल्या नळीतले मात्र पेशींच्या एकाच थराचे असते आणि खालच्या रक्तवाहिन्या त्यातून दिसत असल्यामुळे लाल दिसते. इस्ट्रोजेनचा प्रभाव वाढला की, वयात येताना, गरोदरपणी किंवा संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना, हे आतले अस्तर बाहेर उलटते. याला एक्ट्रोपियन म्हणतात. अस्तर नाजूक असल्याने घर्षणाने त्यातून रक्त येते. जुन्या वैद्यकात याला झीज समजत, आणि ‘पिशवीला जखम आहे’ हे वाक्य त्याच समजातून आले. प्रत्यक्षात तिथे जखम नसते. त्रास नसेल तर उपचारही लागत नाही, आणि गर्भाशय काढण्याचे तर ते कारणच नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांवरच्या अशा शस्त्रक्रियांची 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी करावी लागली, हे ध्यानात ठेवले तर या एका शब्दाची भीती किती महाग पडू शकते ते कळते.

पण लाल भाग दिसला म्हणून शोध तिथेच थांबवणे ही उलट बाजूची चूक. एक कल्पित उदाहरण घेऊ. 34 वर्षांची, दोन बाळंतपणे झालेली, माला-एन या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेणारी स्त्री. दीड महिन्यात तीनदा डाग पडले आणि अंगावरून पिवळसर जाऊ लागले. आधी लघवीवरून गरोदरपणाची तपासणी होते. मग योनिमार्ग उघडा धरणारे स्पेक्युलम हे उपकरण घालून पाहिले तर छिद्राभोवती लाल कडे दिसते. ते एक्ट्रोपियन. त्या छिद्रातूनच देठाला लोंबणारा, सुमारे सेंटिमीटरभर लांबीचा चेरीसारखा लाल कोंब डोकावतो. हा पॉलिप. आतून चिकट पिवळा स्राव येतो आणि कापसाचा बोळा टेकवताच रक्त येते. ही संसर्गाची खूण आहे.

स्रावाचा नमुना क्लॅमिडिया, गनोरिया आणि ट्रायकोमोनास या संबंधातून पसरणाऱ्या संसर्गांच्या तपासणीसाठी जातो. पॉलिप चिमट्यात धरून पिळून काढतात. देठ बारीक असेल तर ओपीडीतच काम होते, भूल लागत नाही. पॉलिप क्वचितच कर्करोगाचा निघतो, तरी तो फेकून न देता पॅथॉलॉजीकडे पाठवतात. क्लॅमिडिया निघाला तर डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. गरोदर असेल तर ही गोळी देत नाहीत. नवऱ्यालाही उपचार हवेत आणि दोघांचे पुरे होईपर्यंत संबंध टाळावे लागतात. त्याने गोळ्या घेतल्या नाहीत तर महिन्या-दोन महिन्यांत तोच डाग परत येतो. एवढे करूनही रक्त येत राहिले तर एक्ट्रोपियनकडे वळायचे: गोळ्या थांबवून दुसरे साधन निवडायचे, किंवा कर्करोग नाही याची खात्री झाल्यावर तो भाग गोठवायचा वा हलका जाळायचा. त्यानंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, तो अपेक्षितच असतो.

कर्करोगाची चाळणी तपासणी तक्रार नसलेल्या स्त्रियांसाठी असते. त्यातली एक म्हणजे पॅप, यात तोंडावरच्या पेशी खरवडून तपासतात. रक्त जाणाऱ्या स्त्रीला ‘गेल्या वर्षीचा पॅप नॉर्मल होता’ एवढ्यावर घरी पाठवता येत नाही. तोंडावर व्रण, कडक गाठ किंवा सहज रक्त येणारी वाढ दिसली तर पॅपची वाट न पाहता थेट बायोप्सी करतात, म्हणजे तुकडा काढून तपासतात, कारण रक्त आणि मृत पेशींच्या गर्दीत पॅप चुकीने नॉर्मल येऊ शकतो. तोंड साधे दिसत असूनही रक्त वारंवार येत असेल तर कॉल्पोस्कोपी करतात, म्हणजे भिंगातून तोंड मोठे करून पाहतात.

एचपीव्ही या गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या चाळणी चाचणीचा मोठा पुरावा मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर झालेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच ही चाचणी देऊ केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू तुलनेच्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. सरकारी दवाखान्यांत मात्र मुख्यतः व्हीआयए केली जाते, तिशीपासून दर पाच वर्षांनी: तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचे आणि पाहायचे. दोन अस्तरांच्या सांध्याला लागून ठळक कडांचा दाट पांढरा डाग उठला तर तो संशयास्पद. एक्ट्रोपियनवर उठलेली फिकट, विरळ पांढरट झाक तशी धरत नाहीत. तिशीत हा सांधा बहुधा बाहेरच दिसतो म्हणून तपासणी जमते. पन्नाशीच्या पुढे तो नळीत सरकतो आणि व्हीआयएचा भरवसा कमी होतो.