मृदा द्रवीकरण

भूकंपाच्या हादऱ्यांमुळे पाण्याने तुडुंब भरलेली सैल वाळू काही काळ आपली ताकद गमावून दाट द्रवासारखी वागू लागते, या घटनेला मृदा द्रवीकरण म्हणतात. अशा वेळी जमिनीवरच्या जड इमारती खचतात किंवा कलंडतात, तर जमिनीत पुरलेल्या हलक्या पोकळ वस्तू, उदाहरणार्थ मॅनहोल व टाक्या, वर उचलल्या जातात. इमारतीचे काँक्रीट शाबूत राहूनही ती निकामी होऊ शकते.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९६४ सालापासून झाला. त्या वर्षी मार्चमध्ये अलास्कात आणि १६ जून रोजी जपानमधील निगाता शहरात मोठे भूकंप झाले. निगाता शिनानो नदीच्या मुखाशी, वाळूवर वसलेले आहे. तिथल्या कावागिशीचो भागात नदीच्या जुन्या पात्रावर भराव टाकून चार मजली अपार्टमेंट इमारती बांधल्या होत्या. भूकंपात त्यांतल्या काही कलल्या आणि एक तर जवळजवळ आडवी झाली. तरीही भिंती व स्लॅब फारसे तडकले नव्हते. कलणे सावकाश झाल्यामुळे आतले लोक खिडक्यांतून बाहेर आले आणि आडव्या झालेल्या भिंतीवरून चालत खाली उतरले. जवळच्या तळघरात नोंदवलेला जमिनीचा त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या जेमतेम १६ टक्के होता, म्हणजे इमारती मोडाव्यात इतका हा हादरा नव्हता. नुकताच खुला झालेला शोवा पूल जोराचा हादरा ओसरू लागल्यावर कोसळला, हेही याच संदर्भात सांगितले जाते. कंप थांबला म्हणजे धोका संपला, हे गृहीत द्रवीकरणाच्या बाबतीत चालत नाही.

कारण. वाळूत चिकटपणा नसतो. तिची सगळी ताकद कण एकमेकांवर दाबले जाण्यातून आणि त्यांच्यातल्या घर्षणातून येते. वरच्या मातीचे आणि इमारतीचे वजन कणांच्या टेकण्यातून खाली जाते. मधल्या पोकळ्यांत पाणी असले तर त्या वजनाचा काही भाग पाण्याचा दाब पेलतो, उरलेला कण पेलतात. हा उरलेला भाग म्हणजे प्रभावी ताण, आणि वाळूची ताकद त्यावरच अवलंबून असते. सैल वाळू हलवली की कण जवळ सरकून दाटू पाहतात. त्यासाठी मधले पाणी बाहेर पडायला हवे. पण भूकंपाचे झटके सेकंदाला एक-दोन या गतीने येतात आणि बारीक वाळूतून पाण्याला तेवढ्यात वाट मिळत नाही. मग कणांवरचा भार झटक्यागणिक पाण्यावर जातो, पाण्याचा दाब चढतो आणि प्रभावी ताण शून्याजवळ येतो. समुद्रकिनारी लाटेच्या कडेच्या ओल्या वाळूत एका जागी पाय थिरकवले की तळवे खाली जातात, त्याचेच हे मोठे रूप होय.

साचलेला दाब नंतर वरच्या दिशेने सुटतो. पाणी वाळू घेऊन भेगांतून उसळते आणि जमिनीवर वाळूचे छोटे शंकू उभे राहतात. भूकंपानंतर पाहणी करणाऱ्यांसाठी द्रवीकरण झाल्याची ही सर्वांत खात्रीची खूण असते. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपानंतर कच्छच्या रणात अशी वाळू व पाणी मोठ्या क्षेत्रात वर आले होते. त्याच भूकंपात कच्छमधील काही मातीच्या धरणांचे पाये सैल गाळावर असल्याने धरणांचे बांध खचले.

धोका तीन गोष्टी एकत्र आल्यावरच असतो: सैल वाळू किंवा चिकटपणा नसलेली बारीक माती, वरपर्यंत आलेले भूजल आणि पुरेसा जोरकस व लांबलेला हादरा. साधारण १५ ते २० मीटरपेक्षा खोल थर सहसा द्रवीभूत होत नाहीत. नवा भराव जुन्या निक्षेपापेक्षा जास्त धोक्याचा असतो. दख्खनच्या पठारावर, जिथे बेसाल्ट खडक उथळ आहे, तिथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही; गुजरातच्या किनाऱ्यावर आणि गंगेच्या मैदानात तो खरा आहे.

अंदाज कसा बांधतात. निगाताच्या अभ्यासात पडलेल्या आणि टिकलेल्या इमारतींखालच्या वाळूची तुलना झाली आणि प्रमाणित प्रवेशन चाचणीचे, म्हणजे एसपीटीचे महत्त्व वाढले. बोअरहोलमध्ये ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून टाकून नळी शेवटचे ३० सेंटीमीटर आत जायला लागलेले ठोके म्हणजे एन-मूल्य. एच. बोल्टन सीड आणि आय. एम. इद्रिस या अभियंत्यांनी १९७१ मध्ये मांडलेली सोपी पद्धत आजही मूळ आधार आहे, आणि भारतीय मानक आयएस १८९३ मध्येही त्याच धर्तीची रीत आहे. त्यात भूकंपाने येणाऱ्या ताणाची तुलना वाळूच्या प्रतिकाराशी करतात.

एक उदाहरण घेऊ. भूजल १ मीटरवर आहे आणि ५ मीटर खोलीवरची वाळू तपासायची आहे. वरच्या मातीच्या वजनाचा एकूण दाब साधारण ९४ किलोपास्कल भरतो. त्यातून पाण्याचा सुमारे ३९ किलोपास्कल दाब वजा केला की प्रभावी ताण ५५ उरतो. त्वरण निगाताइतका, म्हणजे ०.१६, धरला तर भूकंपाच्या ताणाचे प्रभावी ताणाशी गुणोत्तर, म्हणजे CSR, असे येते:

`CSR = 0.65 × 0.16 × (94 / 55) × 0.96 ≈ 0.17`

हा भूकंपाचा भार झाला. त्यातला ०.९६ हा आकडा खोलीनुसार ताण कमी होतो म्हणून घेतलेला आहे. ७.५ तीव्रतेच्या भूकंपात खोली व उपकरणानुसार दुरुस्त केलेले एन-मूल्य १० असलेल्या स्वच्छ वाळूचा प्रतिकार सुमारे ०.११ असतो, म्हणून सुरक्षा गुणांक, म्हणजे प्रतिकार भागिले भार, सुमारे ०.६५ येतो. ही वाळू द्रवीभूत होईल. तीच वाळू २० एन-मूल्यापर्यंत दाटवली तर प्रतिकार सुमारे ०.२१ होतो आणि गुणांक १.२५ च्या आसपास जातो. जमीन किती सुधारायची हे कंत्राटात असे एन-मूल्याच्या भाषेत लिहिता येते. या हिशेबाला मर्यादा आहेत. भूजल मोजले तो उन्हाळा होता की पावसाळा, यावरूनही उत्तर बदलते.

उपाय. सर्वांत जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे वाळू आधीच दाटवणे. मोकळ्या माळावर १० ते २० टनांचे वजन उंचीवरून वारंवार आपटतात. ते स्वस्त पडते, पण शेजारी इमारती असतील तर चालत नाही. दुसऱ्या पद्धतीत कंप पावणारा दंडगोल पाण्याच्या जोराने वाळूत उतरवतात आणि वर काढताना भोवतालची वाळू दाटवतात. वाळूत बारीक गाळाचे प्रमाण १५-२० टक्क्यांपुढे गेले की याचा उपयोग घटतो. अशा ठिकाणी खडीचे किंवा वाळूचे स्तंभ ठोकून भरतात. हे स्तंभ भोवतालची जमीन बाजूला रेटून दाटवतात आणि खडीचे असतील तर पाण्याला बाहेर पडायला वाटही देतात. काम झाल्यावर एसपीटी स्तंभाजवळ नव्हे, दोन स्तंभांच्या बरोबर मध्ये घ्यावी लागते, कारण सर्वांत कमकुवत जागा तीच असते.

दाटवणे शक्य नसेल तर जमिनीत सिमेंट मिसळून चौकटीसारख्या भिंती उभ्या करतात, म्हणजे आतली वाळू मुक्तपणे हलत नाही. खोल पाइल, म्हणजे पायाचे लांब खांब, कठीण थरापर्यंत नेल्याने इमारत उभी राहते. मात्र द्रवीभूत थर उताराकडे सरकला तर पाइलवर आडवा भार येतो आणि आराखड्यात तो धरला नसेल तर पाइल मोडतात.

११ मार्च २०११ च्या भूकंपात टोकियोजवळच्या उरायासूत या उपायांची परीक्षा झाली. केंद्रबिंदू शेकडो किलोमीटर दूर होता, पण हादरा बराच लांबला. १९६० च्या दशकापासून समुद्र भरून केलेल्या वस्तीत रस्त्यांवर वाळूचा चिखल साचला, घरे कलली, मॅनहोल वर आले. मूळ जमिनीवरच्या जुन्या गावात मात्र द्रवीकरण जवळजवळ दिसले नाही. त्याच भरावावर असलेल्या टोकियो डिस्नेलँडमध्ये जिथे जमीन आधी सुधारली होती ते उद्यान शाबूत राहिले, आणि न सुधारलेल्या पार्किंगच्या भागात वाळू वर आली. नंतर घरांच्या वस्तीत रस्ते आणि अंगणे यांखालून सिमेंटच्या चौकटी बांधण्याची योजना आखली गेली. त्यासाठी एका गटातील सगळ्या घरमालकांची संमती लागत होती. ती मिळाली नाही म्हणून बहुतांश गटांत काम झालेच नाही.