तुलना थांबवायला सांगताना पहिली तीन मिनिटे

समजा, दुसऱ्या लग्नाला सात महिने झालेला नवरा पोहे खाता खाता पहिल्या बायकोबद्दल सहज म्हणतो, "ती शेंगदाणे आधी तळून घ्यायची." त्यानंतर चार-पाच दिवसांनी विजेचे बिल भरायचे राहते, तेव्हा तो म्हणतो, "तिला कधी आठवण करून द्यावी लागली नाही." बायको तेव्हा गप्प बसते आणि महिन्याभराने तिसऱ्याच कारणावरून भडकून म्हणते, "तू सतत माझी तिच्याशी तुलना करतोस!" 'सतत' हा शब्द ऐकताच नवरा तुलना केली नाही असे प्रसंग आठवू लागतो आणि मूळ दुखणे बाजूला पडते.

जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेर या अमेरिकी संशोधकांनी 124 नवविवाहित जोडप्यांच्या, मतभेदाच्या विषयावरील 15 मिनिटांच्या संभाषणांचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध केला. सहा वर्षांत ज्यांचे घटस्फोट झाले, त्यांच्या संभाषणात पहिल्या तीन मिनिटांतच इतरांपेक्षा अधिक कटुता दिसली होती. तीन मिनिटांवरून कोणत्याही एका जोडप्याचे भविष्य सांगता येते, असा याचा अर्थ मी घेणार नाही. परंतु सुरुवातीचा सूर पुढे टिकून राहतो, एवढे त्यातून नक्की घेता येते.

म्हणून विषय जेवणाच्या किंवा भांडणाच्या मध्यावर न काढता, दोघे निवांत असताना काढावा आणि स्वभावाबद्दल न बोलता घडलेल्या प्रसंगाबद्दल बोलावे: "रविवारी पोह्यांच्या वेळी आणि गुरुवारी बिलाच्या वेळी तू तिचे उदाहरण दिलेस. दोन्ही वेळा मला परीक्षेला बसवल्यासारखे वाटले. शेंगदाणे तळलेले हवे असतील तर तसे थेट सांग. तिचे नाव मध्ये आणू नकोस." अलीकडचे दोन प्रसंग पुरेसे असतात, कारण दहा प्रसंगांची यादी ऐकणाऱ्याला आरोपपत्रासारखी वाटते.

मागणी बोलण्यापुरती ठेवावी, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांच्या 1987 च्या प्रयोगात लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते, तरी अस्वल त्यांच्या मनात वारंवार येतच राहिले. 'तिला आठवूच नकोस' ही अट त्यामुळे पाळता येण्यासारखी नाही, आणि पूर्वीच्या संसारातली एखादी आठवण सांगणे म्हणजे तुलनाही नव्हे. तुलनेत एकीला दुसरीच्या मापाने मोजलेले असते.

बोलताना छाती धडधडू लागली, एकच वाक्य पुन्हा पुन्हा तोंडी येऊ लागले किंवा समोरचा एकदम अबोल झाला, तर वीसेक मिनिटे थांबावे, पण परत कधी बोलायचे ते ठरवूनच उठावे. एवढे स्पष्ट सांगितल्यावरही नवरा दुखावण्यासाठी मुद्दामच तिचे नाव काढत असेल, तर प्रश्न शब्दांच्या निवडीचा उरत नाही आणि तेव्हा समुपदेशकाकडे जाणे योग्य ठरते.